कवितेच्या पानाला शीर्षक काय द्यायचं?
(साहित्यिक संकेतस्थळं चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

जळगाव-धुळे भागातली मंडळं, वाचनालयं आणि कवी आमच्याकडून संकेतस्थळ करून घेतात, तेव्हा कवितांचा गठ्ठा देताना बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : पानाचं शीर्षक कवितेच्या पहिल्या ओळीवरून ठेवायचं, विषयावरून की कवीच्या नावावरून? आमचं उत्तर असं आहे की कवितेच्या पानावर पहिली ओळ आणि कवीचं नाव दोन्ही हवीत. विषयाची जागा वेगळी आहे.

बहिणाबाई चौधरींची 'मन' ही कविता घ्या. पुस्तकात शीर्षक एकच शब्दाचं आहे आणि तिथे ते शोभतं, कारण पुस्तक हातात असलेल्याला कवयित्री कोण हे ठाऊक असतं. शोधयंत्राच्या यादीत मात्र 'मन' एवढंच दिसलं तर ती कविता आहे, लेख आहे की औषधाची जाहिरात, काही कळत नाही. शोधणारा माणूसही 'मन' लिहीत नाही. त्याच्या कानात 'मन वढाय वढाय' असतं, तेच तो टाइप करतो. म्हणून हे शीर्षक आम्ही असं बांधतो :

```html
<title>मन वढाय वढाय (मन) – बहिणाबाई चौधरी</title>
<h1>मन वढाय वढाय (मन)</h1>
```

पहिली ओळ पूर्ण घेण्याची गरज नाही, ओळख पटेल एवढे तीन-चार शब्द पुरतात. गूगलच्या यादीत शीर्षकाला ठरावीक रुंदीच मिळते आणि उरलेला भाग कापला जातो. देवनागरीत मात्रा-वेलांट्यांमुळे अक्षरं मोजून अंदाज येत नाही, तेव्हा फोनवर प्रत्यक्ष पाहणंच बरं. संकेतस्थळाचं नाव द्यायचं असेल तर ते शेवटी, म्हणजे कापलं गेलं तरी बिघडत नाही. वरच्या कोडमधल्या `title` आणि `h1` या दोन ओळी एकमेकींशी जुळत्या ठेवायचं कारण असं की गूगल कधी कधी `title` बाजूला ठेवून `h1`, म्हणजे पानावरचं ठळक शीर्षकच दाखवतं. तिथे नुसतं 'मन' असेल तर सगळी मेहनत वाया जाते.

आडनावाबद्दल आम्ही आग्रही आहोत. नुसतं 'बहिणाबाई' लिहिलं की तुकारामांच्या शिष्या संत बहिणाबाईंशी गल्लत होते. दोघींच्या रचना एकाच संकेतस्थळावर असतील तर ही चूक यादीभर पसरते. बालकवींचं उलट आहे. धरणगावला जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे वाचकाला टोपणनावानेच माहीत आहेत. शीर्षकात 'बालकवी' पुरे, पूर्ण नाव कवीच्या परिचयाच्या पानावर द्यावं.

पहिली ओळ नेहमीच पुढे येते असंही नाही. बालकवींची 'औदुंबर' लोक शीर्षकानेच ओळखतात, म्हणून तिथे 'औदुंबर : ऐल तटावर पैल तटावर – बालकवी' असा क्रम लागतो. 'श्रावणमास' मात्र शाळेपासून 'श्रावणमासी हर्ष मानसी' म्हणूनच तोंडी आहे, तिथे ओळ आधी. कवितेला शीर्षकच नसेल, जसं नव्या कवींच्या वहीत पुष्कळदा असतं, तर पहिल्या ओळीलाच शीर्षकाचं काम द्या. आपल्याकडून नवं शीर्षक बेतू नका.

विषयावरून शीर्षक का नको? 'निसर्गकविता' असं नाव दिलं की पन्नास पानं एकाच नावाची होतात आणि त्यांतलं कुठलं दाखवावं हे शोधयंत्रालाही ठरवता येत नाही. शिवाय विषय ठरवणं म्हणजे अर्थ ठरवणं. 'औदुंबर' आठच ओळींची आहे. कुणाला त्यात निव्वळ निसर्गचित्र दिसतं, कुणाला खोल उदासी. वाचकाने कविता वाचण्याआधीच आपण शीर्षकातून निकाल देणं बरोबर नाही. 'पावसाच्या कविता', 'माहेरच्या कविता' ही नावं संग्रहपानांना द्यावीत, एक कविता अशा दोन-तीन संग्रहांत असली तरी चालते.

बोलीच्या शब्दांना प्रमाण मराठीचा साज चढवू नका. 'अरे संसार संसार'मध्ये छापील शब्द 'मियते भाकर' आहे, तो तसाच राहू द्या. 'मिळते भाकर' शोधणाऱ्यासाठी ते रूप पानाच्या वर्णनात घालता येतं. पत्ता मात्र रोमन अक्षरांत ठेवतो, `/man-vadhay-vadhay` असा. देवनागरी पत्ता कॉपी केला की एकेका अक्षराच्या जागी `%E0%A4%AE` असे नऊ वर्ण येतात, आणि व्हॉट्सॅपवर तो दुवा वाचण्याजोगा राहत नाही.

शीर्षक चुकलं आहे का, हे सर्च कन्सोल या गूगलच्या साधनात कळतं. एखाद्या ओळीच्या शोधात तुमचं पान बऱ्यापैकी वर दिसतंय पण त्यावर कुणी क्लिक करत नाही, असं दिसलं तर ती ओळ शीर्षकात आहे का ते आधी तपासा. शीर्षक बदलल्यावर यादीत फरक दिसायला काही दिवस ते काही आठवडे जातात. तोवर पुन्हा बदलू नका, आणि पानाचा पत्ता तर मुळीच बदलू नका.

कविता पाठवताना प्रत्येकीसोबत छापील शीर्षक, पहिली ओळ पुस्तकात आहे तशी, आणि कवीचं प्रचलित नाव असे तीन रकाने भरून द्या. लोकांच्या तोंडी कवितेचं कुठलं रूप आहे तेही माहीत असेल तर चौथ्या रकान्यात लिहा. कुठला भाग पुढे घ्यायचा हे आम्ही त्यावरूनच ठरवतो.