डिस्लेक्सिया व अवधानदोष : शालेय वयातील ओळख आणि तपासणीची वेळ

बुद्धी, दृष्टी व श्रवण यांत ढोबळ दोष नसताना आणि शिकवणे पुरेसे मिळूनही मूल वाचन-लेखनात सातत्याने मागे राहते, तेव्हा त्यामागे डिस्लेक्सिया (वाचन अक्षमता), अवधानदोष (एडीएचडी, विशेषतः त्यातील लक्ष न टिकणारा प्रकार) किंवा दोन्ही असू शकतात. शाळेतील तक्रार मात्र बहुधा एकच असते : ‘डोकं आहे, पण लक्ष देत नाही.’ या एका वाक्यामागे कोणती अडचण आहे हे घरी व वर्गात कितपत ओळखता येते, आणि तज्ज्ञाकडून तपासणी केव्हा करून घ्यावी, याचा विचार येथे मुख्यतः मराठी वाचणाऱ्या मुलांच्या संदर्भात केला आहे.

संज्ञांचा इतिहास : आडॉल्फ कुसमाउल या जर्मन वैद्याने १८७७ मध्ये ‘शब्दांधता’ ही कल्पना मांडली. ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द स्टुटगार्टचे नेत्रवैद्य रुडोल्फ बर्लिन यांचा. त्याचे वर्ष सामान्यतः १८८७ दिले जाते, तथापि त्यांच्या आधीच्या लेखनाच्या आधारे काही अभ्यासक ते तीन-चार वर्षे मागे नेतात. दोघांपुढचे रुग्ण मेंदूला इजा होऊन वाचनशक्ती गमावलेले प्रौढ होते. त्यामुळे आजच्या अर्थाच्या डिस्लेक्सियाचा आरंभ प्रिंगल मॉर्गन यांच्या १८९६ च्या टिपणापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. ग्लासगोचे नेत्रतज्ज्ञ जेम्स हिन्शेलवूड यांचा आदल्या वर्षीचा लेख वाचून मॉर्गन यांनी पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिगत ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दिली. हा मुलगा चलाख होता, खेळात मागे नव्हता, त्याला अंकगणित आवडे आणि जमेही. सगळे शिक्षण तोंडी दिले, तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरेल, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. मात्र स्वतःचे नाव तो ‘पर्सी’ऐवजी ‘प्रेसी’ असे लिही, आणि चूक दाखवली तरी ती त्याच्या चटकन ध्यानात येत नसे. मराठी शिक्षकाला ही चूक ओळखीची वाटेल. रफार आणि रकार यांची अदलाबदल, म्हणजे ‘कर्म’चे ‘क्रम’, ही त्याच जातीची चूक आहे. ऐकलेले विरुद्ध वाचलेले, आकडे विरुद्ध अक्षरे या मॉर्गन यांनी टिपलेल्या दोन तुलना आजही प्राथमिक पडताळणीत सर्वाधिक उपयोगी पडतात.

अवधानदोषाच्या आरंभाबद्दल मतभेद अधिक आहेत. बरेच ग्रंथ लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांच्या १९०२ च्या व्याख्यानांकडे बोट दाखवतात. पण स्टिल यांचा भर नैतिक संयमाच्या उणिवेवर होता आणि त्यांनी वर्णिलेल्या मुलांपैकी अनेकांना आज हे निदान मिळाले नसते. अलेक्झांडर क्राइटन या स्कॉटिश वैद्याने १७९८ मध्ये केलेले विचलित अवधानाचे वर्णन वर्गातल्या आजच्या मुलाशी अधिक जुळते. अमेरिकन मनोविकारसंहितेत अवधान हा शब्द निदानाच्या नावात १९८० साली आला. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीनुसार नऊपैकी किमान सहा लक्षणे सहा महिने टिकलेली, त्यांतली काही बारा वर्षांच्या आत सुरू झालेली आणि किमान दोन ठिकाणी, उदाहरणार्थ घरी व शाळेत, दिसणारी असावी लागतात. यातली ‘दोन ठिकाणी’ ही अट सामान्य पालकाला स्वतः पडताळून पाहता येते.

मराठी लिपी व वाचनातील चुका : डिस्लेक्सियाची लोकप्रिय वर्णने इंग्रजी वाचनावर बेतलेली आहेत. उलटसुलट अक्षरे दिसणे हे त्याचे लक्षण नव्हे. सहा-सात वर्षांपर्यंत अक्षरे उलटी काढणे बहुतेक मुलांत आढळते. मूळ अडचण शब्दातील ध्वनी सुटे करून अक्षराशी जोडण्याची आहे, असे बहुसंख्य संशोधक मानतात. इंग्रजीत उच्चार व स्पेलिंग यांचे नाते अनियमित असल्याने ती चुकीच्या वाचनातून दिसते. इटालियन किंवा जर्मनसारख्या नियमित लेखनाच्या भाषांत चुका कमी होतात आणि वेग मंद राहतो. मराठी या बाबतीत इटालियनला जवळची आहे, पण तिची अक्षरसंख्या मोठी आहे. बाराखडी व जोडाक्षरे मिळून शेकडो आकृत्या होतात. कन्नड मुलांवरील अभ्यासात ही घडण चौथी-पाचवीपर्यंत चालू राहते असे दिसले आहे आणि मराठीतही तसेच घडत असावे. म्हणून दुसरीतल्या मुलाला ‘ज्ञ’, ‘क्ष’ किंवा तीन व्यंजनांचे जोडाक्षर अडले, तर त्यात काळजीचे कारण नाही.

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांना पुराव्याचे मोल जवळपास नाही. त्या वर्तमानपत्रांतही भेटतात. ‘घ’ व ‘ध’, ‘भ’ व ‘म’ यांची गल्लत पहिलीत क्षम्य असते, चौथीत टिकली तर अर्थपूर्ण ठरते. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहायची पण उच्चार नंतर करायचा, ही देवनागरीची खास अडचण अशा मुलांना जास्त काळ छळते. परिणामी ‘किताब’चे ‘कताबि’ झालेले दिसते. एकच शब्द एका पानावर तीन तऱ्हांनी लिहिलेला असणे ही अधिक बोलकी खूण होय. मूल अचूक वाचते म्हणून शंका फेटाळू नये, घड्याळ लावून वाचन ऐकावे.

एक नमुना : मराठी माध्यमातील चौथीत शिकणारा नऊ वर्षांचा एक कल्पित मुलगा घेऊ. वर्गात खिडकीबाहेर पाहतो, फळ्यावरचे उतरवून घेत नाही, गृहपाठाला दोन तास लावतो. आईने त्याला न पढवलेला, त्याच इयत्तेच्या पुस्तकातला साधारण शंभर शब्दांचा उतारा मोठ्याने वाचायला दिला. (पढवलेला धडा देऊ नये. अशी मुले तो पाठ करून ‘वाचतात’.) त्याला साडेचार मिनिटे लागली, शेजारच्या त्याच वर्गातल्या मुलीने तो दीड मिनिटात वाचला. ‘प्रकाश’चे ‘परकाश’ झाले आणि ‘विद्यार्थिनी’तले ‘विद्या’ वाचून पुढचा भाग अंदाजाने ठोकला. दुसऱ्या दिवशी तशाच दुसऱ्या उताऱ्याचे आईने वाचन केले व प्रश्न विचारले. पाचही उत्तरे बरोबर आली. मग तिने ‘टिमोळ’, ‘गर्फी’, ‘क्रुसण’ असे अर्थहीन शब्द लिहून दिले. अंदाजाला वाव न उरल्याने तो पहिल्याच शब्दाला अडला. क्रिकेटचे समालोचन तासभर ऐकणारा आणि तोंडी हिशेब पटकन करणारा हा मुलगा फक्त छापील मजकुरापुढे ‘लक्ष देत नाही’. येथे अवधान वाचनाच्या कष्टाने सुटते आहे. डिस्लेक्सियाची शंका घ्यायला इतके पुरे. निदानाला मात्र नाही.

त्याच वर्गातल्या दुसऱ्या मुलीचे चित्र निराळे. उताऱ्याच्या पहिल्या चार ओळी ती सफाईने वाचते, पुढे एक ओळ गाळते, ‘नाही’ हा शब्द खाते आणि अर्थ उलटा करून बसते. ‘पुन्हा बघ’ म्हटले की चूक तिची तीच दुरुस्त करते. अर्थहीन शब्द तिला अडत नाहीत. ऐकलेली गोष्टही तिची मध्येच निसटते, वजाबाकीच्या चिन्हाऐवजी बेरीज करते, डबा आणि कंपासपेटी आठवड्यातून दोनदा शाळेत राहते. चुका काय येत नाही याच्या नसून येत असलेले टिकत नाही याच्या आहेत, आणि त्या वाचनापुरत्या नाहीत. ती दंगा करत नाही, म्हणून तिच्याबद्दल तक्रारही येत नाही. शांत मुलींतील अवधानदोष उशिरा ध्यानात येण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

प्रत्यक्षात दोन्ही चित्रे एकमेकांत मिसळलेली आढळतात. एक दोष असलेल्या मुलांपैकी साधारण पंचवीस ते चाळीस टक्क्यांत दुसराही असल्याचे अनेक पाहण्यांत दिसते. म्हणून एकाची खूण सापडली की दुसऱ्याची चौकशी थांबवू नये.

इतर कारणे : आधी डोळे व कान तपासावेत. कानात पाणी साचून येणारी ऐकण्याची घट घरात जाणवत नाही, पण ‘त’ व ‘थ’ यांतला फरक पुसते. दिवसातून अनेकदा काही सेकंद नजर स्थिर होऊन हाक न पोचणे, हा अवधानदोष नसून अपस्माराचा एक प्रकार असू शकतो. येथे थांबून न राहता बालरोगतज्ज्ञाला दाखवावे. तसेच पूर्वी येत असलेले वाचन किंवा बोलणे मागे जाऊ लागल्यासही. अपुरी झोप, रक्तक्षय, शाळा बदलणे, ऊसतोडणीच्या हंगामातली दीर्घ गैरहजेरी यांचा परिणाम हुबेहूब असाच दिसतो. वयाचाही विचार हवा. एका वर्गात जवळजवळ वर्षाचे अंतर असलेली मुले शेजारी बसतात, आणि वर्गातील सर्वांत लहान मुलांना अवधानदोषाचे निदान जास्त प्रमाणात मिळते, असे अनेक देशांत आढळले आहे. घरी मराठी आणि शाळा इंग्रजी असल्यास दोन्ही भाषांत वाचून घ्यावे. फक्त इंग्रजीत अडणे ही बहुधा माध्यमाची अडचण असते.

तपासणी केव्हा : शंका आल्यावर रोज वीस मिनिटे, अक्षर-ध्वनीवर नेमका भर देऊन तीन ते सहा महिने शिकवावे व दर पंधरवड्याला नव्या उताऱ्याचा वेळ नोंदवावा. वर्गातल्या इतर मुलांशी असलेले अंतर कमी होत नसेल, तर तपासणी करावी. आई, वडील किंवा भावंडांपैकी कोणाला अशीच अडचण असेल, किंवा मूल शाळेचे नाव काढताच पोट दुखते म्हणू लागले असेल, तर सहा महिन्यांची वाट पाहू नये. अवधानाच्या शंकेत हा सराव लागू पडत नाही. तेथे शिक्षक व पालक या दोघांनी वेगवेगळ्या भरलेल्या प्रश्नावल्या हाच आधार असतो. दोहोंत मेळ नसेल, तर आधी ते का याचा शोध घ्यावा.

तपासणीत बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ व विशेष शिक्षक सहभागी असतात. बुद्धिमापन आणि वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या होतात. बुद्ध्यंक व वाचन यांतील तफावत हाच निकष मानण्याची जुनी रीत आता मागे पडली आहे. तिच्यामुळे तफावत पुरेशी वाढेपर्यंत, म्हणजे मूल पुरेसे नापास होईपर्यंत, थांबावे लागे. मराठीसाठी मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘डाली’ या संचात प्राथमिक इयत्तांच्या चाळणी-चाचण्या आहेत. केवळ इंग्रजी चाचणीवर मराठी माध्यमाच्या मुलाचे निदान झाले असेल, तर ते पुन्हा तपासून घ्यावे.

महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेतील सवलती १९९६ च्या सुमारास सुरू झाल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश केला. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत प्रमाणपत्र आठ वर्षे पूर्ण झाल्यावर देण्याची व चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी करण्याची तरतूद होती. ही वयोमर्यादा कागदाची आहे, मदतीची नव्हे. अनेक घरांत तपासणी थेट दहावीच्या वर्षी होते, तेव्हा लेखनिक मिळतो, पण वाचन सुधारायची वर्षे निघून गेलेली असतात.

प्रौढांत अवधानदोषाच्या निदानास पाच लक्षणे पुरतात, मात्र ती बारा वर्षांच्या आत होती याचा आधार लागतो. त्यासाठी जुन्या प्रगतिपुस्तकांतील शेरे उपयोगी पडतात. ‘धांदरट’, ‘वही अपूर्ण’, ‘स्वप्नाळू’ असे शब्द सलग तीन-चार इयत्तांत, वेगवेगळ्या शिक्षकांच्या अक्षरात आढळले, तर डॉक्टर त्यांना मुलाखतीइतकेच महत्त्व देतात.