कारागृहातील आत्महत्या-प्रतिबंध (ग्रामीण विदर्भ)

कारागृहातील आत्महत्येचा धोका बंद्याच्या सगळ्या मुदतीत सारखा नसतो. आत आल्यानंतरचे पहिले काही तास ते पंधरवडा हा पहिला धोक्याचा काळ. पुढे जामीन फेटाळला जाणे, शिक्षा सुनावली जाणे, घरून वाईट बातमी येणे किंवा एकट्याला कोठडीत ठेवले जाणे, या दिवसांत तो पुन्हा वाढतो. नागपूर व अमरावतीची मध्यवर्ती कारागृहे आणि यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर, अकोला अशा जिल्हा कारागृहांत गावाकडून आलेले अनेक बंदी कच्चे कैदी असतात. निकाल कधी लागेल हेच ठाऊक नसणे हा त्यांच्यावरचा मोठा ताण.

दाखल होताना वैद्यकीय तपासणी होते. तेव्हा पूर्वी कधी स्वतःला इजा केली होती का, मानसिक आजाराची गोळी चालू आहे का, दारू रोज लागते का आणि आत्ता जीव द्यावासा वाटतो का, हे थेट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. हेच प्रश्न गेटवर, दहा जणांच्या रांगेत विचारले तर उत्तर ‘नाही’च येते आणि कागदावर सगळे ठीक दिसते. रोज मोहाची किंवा देशी दारू पिणाऱ्याची दारू अटकेने एकदम तुटते. साधारण पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, घाबरेपणा, नसलेली माणसे दिसणे सुरू होते. बराकीत याला ‘नाटक’ म्हणतात. प्रत्यक्षात ही तातडीने दवाखान्यात हलवण्याची अवस्था आहे.

धोक्याच्या खुणा बहुधा कोणाला तरी दिसलेल्या असतात, पण त्या एकाच माणसाकडे जमा होत नाहीत. एक नमुना घेऊ. मारहाणीच्या गुन्ह्यात अटक झालेला पंचेचाळीस वर्षांचा कोरडवाहू शेतकरी. मुलाकातीत तो बायकोला म्हणतो, “वकिलाले पैसे नोको देऊ आता. सातबारा तुह्या नावानं करून घे. पुढच्या खेपेले येऊ नोको.” बायकोला वाटते, खर्चाची काळजी करतोय. बराकीतले सोबती पाहतात की त्याने जेवण अर्धे सोडले, रात्रभर बसून असतो आणि साबण, चादर, खर्ऱ्याची उधारी यांचा हिशेब मिटवतोय. तारखेला जामीन फेटाळला जातो. त्याचा चेहरा पाहणारे असतात बंदोबस्ताचे पोलीस; संध्याकाळी गेटवर ते फक्त माणसांची गिनती जुळवून देतात. बराक बंद करणाऱ्या रक्षकाला निकाल माहीतच नसतो. दुसऱ्या दिवशी हा शेतकरी एकदम शांत, हसरा दिसतो आणि ‘सावरला’ असा शेरा पडतो. खूप अस्वस्थतेनंतर कारण नसताना आलेली अशी शांतता हीच जास्त काळजीची खूण मानावी.

घरच्यांनी काय करावे? बाहेर पडताच त्याचे शब्द जसेच्या तसे, तारखेसह लिहावेत. पूर्वीचा प्रयत्न, घराण्यातील आत्महत्या, चालू औषधे जोडून अधीक्षक व कारागृहाचे वैद्यकीय अधिकारी यांच्या नावे अर्ज द्यावा आणि स्वतःच्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. तोंडी निरोप पाळी बदलली की हरवतो. अर्जाची प्रत वकिलाला किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला द्यावी, म्हणजे न्यायालयापुढेही ती जाते. गोळ्या गेटवर देण्यापेक्षा डॉक्टरची चिठ्ठी द्यावी. भामरागडकडून नागपूर गाठायलाच दिवस जातो, त्यामुळे पुढची मुलाकात जमणार नसेल तर तसे आधी कळवावे. न सांगता चुकलेली भेट आत ‘सोडून दिले’ अशी वाचली जाते.

कर्मचाऱ्यांच्या बाजूने एकट्याला कोठडीत टाकणे ही नेहमीची चूक. नजर ठेवणे सोपे वाटते म्हणून ते केले जाते, पण एकटेपणाने धोका वाढतो. अशा बंद्याला विश्वासू सोबत्यांमध्ये ठेवावे. फेरीची वेळ ठरलेली नसावी आणि धोका तीव्र असेल तर माणूस सतत समोर हवा. सोबती बंदी मदतीला असतो, रक्षकाची जागा तो घेत नाही. कोर्टातून परतलेल्या प्रत्येकाला ‘आज काय झालं?’ हे विचारून उत्तर रात्रपाळीच्या नोंदवहीत उतरवणे, एवढ्याने वरची साखळी बरीच जुळते.

जामीन मिळूनही जामीनदार नसल्याने माणूस आत राहतो, तेव्हा निराशा विशेष खोल जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या 31 जानेवारी 2023 च्या आदेशाप्रमाणे जामीन मंजूर होऊन 7 दिवसांत सुटका न झाल्यास अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवायचे असते. घरच्यांनी आठव्या दिवशी त्याची चौकशी करावी.

आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 चे कलम 115 गृहीत धरते, त्यामुळे प्रयत्नानंतर उपचार आधी. मनोविकारतज्ज्ञ नेहमी जवळ नसतात. नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात न्यायचे तर पोलीस बंदोबस्त लागतो, आणि तो न मिळाल्यास तपासणीची तारीख चुकून गोळ्या खंडित होतात. घरच्यांना सल्ल्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा निःशुल्क क्रमांक आहे. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला सहसा दोन ते चार आठवडे लागतात, त्यामुळे औषध सुरू झाले म्हणून या काळात देखरेख सैल करू नये.