समान तीव्रता, तरी पेशी फुटते

"बाहेरच्या द्रावणाची तीव्रता पेशीइतकीच असली की पेशीचा आकार बदलत नाही ना?"

मिठाच्या ०.९ टक्के द्रावणात लाल रक्तपेशी टिकते, हे खरं. पण तितक्याच कणांचं, म्हणजे सुमारे १.८ टक्के युरियाचं द्रावण घ्या. पेशी फुगून गोल होतात आणि काही सेकंदांत फुटतात. गढूळ मिश्रण पारदर्शक लाल होतं.

युरिया पेशीच्या पटलातल्या प्रथिनमार्गातून, ऊर्जा न लागता, सहज आत शिरतो. आतले कण वाढतात आणि मागोमाग पाणी येतं. मिठातला सोडियमही थोडा आत झिरपतो, पण पटलातला पंप एटीपी, म्हणजे पेशीची साठवलेली ऊर्जा, खर्चून दर फेरीला तीन सोडियम बाहेर फेकतो, दोन पोटॅशियम आत घेतो. म्हणून मीठ बाहेरच राहिल्यासारखं वागतं. आकार ठरवतात ते आत न शिरणारे कण.