परस्पर शिफारस करार

एकाच ग्राहकाला वेगवेगळ्या सेवा देणाऱ्या, परंतु आपापसांत स्पर्धा नसलेल्या व्यावसायिकांनी एकमेकांकडे काम पाठविण्याचा समझोता. लग्ननियोजक व छायाचित्रकार यांच्यातील करार हे त्याचे ठळक उदाहरण होय.

दलालीची प्रथा जुनी असल्याने या व्यवहाराचे मूळ एका जागी दाखविणे कठीण आहे. संघटित रूपाचा आरंभ काहीजण १९०५ मध्ये शिकागो येथे स्थापन झालेल्या रोटरी क्लबपर्यंत नेतात. तेथे सुरुवातीस सामान्यतः एका व्यवसायाचा एकच सदस्य घेत आणि सदस्यांनी एकमेकांना धंदा द्यावा अशी अपेक्षा असे. पुढे सेवाकार्याला प्राधान्य मिळून हा हेतू मागे पडला. आयव्हन मिझनर यांनी १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या बीएनआय या व्यावसायिकांच्या संघटनेने मात्र शिफारशींची नोंद हाच कामकाजाचा गाभा केला. त्यामुळे सध्याच्या पद्धतीचा उगम तेथे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

लग्नव्यवसायात ही देवाणघेवाण क्वचितच समसमान असते. नियोजक बहुधा आधी ठरतो, म्हणून कामे मुख्यतः त्याच्याकडून छायाचित्रकाराकडे जातात. ही तफावत कमिशनने किंवा छायाचित्रांनी भरून काढतात. कमिशन १० टक्के ठरले आणि छायाचित्रणाचे काम १,५०,००० रुपयांचे असले, तर नियोजकाला १५,००० रुपये मिळतात. तो जीएसटी नोंदणीकृत असल्यास बिलात १८ टक्के दराने आणखी २,७०० रुपये लागतात. कमिशन आगाऊ न देता ग्राहकाकडून प्रत्यक्ष वसूल झालेल्या प्रत्येक हप्त्यावर दिल्यास लग्न मोडले, तारीख पुढे गेली किंवा अल्बमचे पैसे अडकले, तरी वाद उरत नाही. शिफारस कोणती धरायची, हेही लिहून ठेवावे लागते. ग्राहक छायाचित्रकाराला आधीच भेटला होता की नाही, यावरूनच बहुतेक तंटे होतात.

छायाचित्रांच्या रूपाने परतफेड करताना कॉपीराइट अधिनियम, १९५७ आड येतो. त्याच्या कलम १७ प्रमाणे मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा प्रथम हक्क, विरुद्ध करार नसेल तर, काढून घेणाऱ्या ग्राहकाकडे जातो. म्हणजे मांडवाच्या सजावटीचे छायाचित्रदेखील छायाचित्रकार नियोजकाला जाहिरातीसाठी परस्पर देऊ शकत नाही. याकरिता ग्राहकाशी होणाऱ्या मूळ करारातच दोघांच्या वापराला संमती घेणे इष्ट ठरते.

नियोजक ग्राहकाच्या वतीने छायाचित्रकार निवडत असेल, तर तो भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या अर्थाने अभिकर्ता ठरू शकतो. अशा वेळी लपवून घेतलेले कमिशन ग्राहक मागू शकतो, म्हणून ते आधी सांगणेच योग्य. वैद्यकीय व्यवसायात रुग्ण पाठविण्याबद्दल कमिशन घेणे वा देणे २००२ च्या आचारविषयक विनियमांनी निषिद्ध केले आहे. मराठीत त्यालाच ‘कट प्रॅक्टिस’ म्हणतात.