साखर फोडणारं विकर आणि कधीच न साठणारी जोडी

हंगामात चिकोडी, निपाणी, संकेश्वर भागात कारखान्याच्या रस्त्याला ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग दिसतेच. तोडलेला ऊस उन्हात थांबला की वजन घटतं आणि साखरेचा उताराही पडतो. उतारा पडण्याची कारणं अनेक आहेत, पण त्यातलं एक उसाच्या अंगातच असतं. इन्व्हर्टेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, सुक्रोजचा रेणू पाण्याच्या मदतीने फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज बनवतं. त्यांचे साखरेसारखे दाणे पडत नाहीत, ती मळीत निघून जातात.

ही फोड कोणत्या वेगाने होते? क्रिया दोन पायऱ्यांत होते. विकर E सुक्रोज S ला धरतं आणि ES ही जोडी बनते. ही जोडी पुन्हा सुटू शकते, नाहीतर फोड पुरी होऊन ग्लुकोज-फ्रुक्टोज, म्हणजे P, मिळतात आणि विकर मोकळं होतं. k1, k-1 आणि k2 हे त्या त्या पायरीचे वेग-स्थिरांक.

```
E + S ⇌ ES    (पुढे k1, मागे k-1)
ES → E + P    (k2)
```

वेग दुसऱ्या पायरीवरून ठरतो: `v = k2[ES]`. अडचण अशी की ES बाटलीत भरून मोजता येत नाही. सूत्रात हवेत ते आकडे म्हणजे आपण घातलेलं एकूण विकर E0 आणि साखरेचं प्रमाण. ES ला बाजूला सारायचं कसं, हाच खरा प्रश्न.

बर्लिनमध्ये मिखाएलिस आणि मेंटेन यांनी 1913 साली याच इन्व्हर्टेजवर काम केलं. पहिली पायरी समतोलात असते, असं त्यांनी धरलं. म्हणजे जोडी फुटण्यापेक्षा सुटून मागे जाणं कितीतरी जास्त वेळा घडतं. ब्रिग्ज आणि हॉल्डेन यांनी 1925 मध्ये दाखवलं की एवढं धरायची गरज नाही. (हेच हॉल्डेन पुढे भारतात स्थायिक झाले आणि 1964 साली भुवनेश्वरला वारले.) त्यांचं म्हणणं इतकंच होतं की ES जितक्या वेगाने बनते तितक्याच वेगाने संपते, त्यामुळे तिचं प्रमाण जवळपास बदलत नाही. कारखान्याच्या वजनकाट्यावर दिवसभर ट्रॉल्या येतात-जातात, पण काट्यावर कधीही पाहिलं तरी एकच असते, तसंच हे. विद्यार्थी `d[ES]/dt = 0` पाहून ES नाहीच किंवा क्रिया थांबली असं समजतात. शून्य आहे तो बदल. जोडी आहेच, आणि तिच्यातूनच सगळं काम चाललेलं असतं.

आता मांडणी सोपी आहे. बनण्याचा वेग `k1[E][S]`, संपण्याचा `(k-1 + k2)[ES]`. दोन्ही सारखे धरायचे. विकर एकतर मोकळं असतं नाहीतर जोडीत, म्हणून `[E] = E0 - [ES]`. हे घालून ES सोडवली की:

```
[ES] = E0·S / (Km + S)
v    = k2·E0·S / (Km + S)
Km   = (k-1 + k2) / k1
```

समजण्यासाठी काही आकडे धरू. k1 = 10⁵ प्रति मोलर प्रति सेकंद, k-1 आणि k2 दोन्ही 1000 प्रति सेकंद. मग Km = 2000 / 10⁵ = 0.02 मोलर. समतोल धरला असता k2 गाळला गेला असता आणि उत्तर 0.01, म्हणजे निम्मं आलं असतं. वेग आणि साखर यांचा आलेख मात्र दोन्ही बाजूंनी तोच दिसतो, म्हणून नुसत्या आलेखावरून कोणाचं गृहीतक बरोबर ते कळत नाही. Km म्हणजे विकराची साखरेवरची पकड, असं सरसकट म्हणणंही त्यामुळेच धोक्याचं. k2 हा k-1 पेक्षा बराच लहान असेल तरच ते खरं.

उसाचा रस दाट असतो. त्यात साधारण 0.5 मोलर सुक्रोज धरू. मग `S/(Km+S)` = 0.50/0.52, म्हणजे विकर 96 टक्के गुंतलेलं. साखर निम्मी झाली तरी हा आकडा 93 टक्क्यांपर्यंतच येतो. म्हणजे दाट रसात वेग साखरेवर फारसा अवलंबून नसतो. विकर किती आहे आणि ऊन किती आहे, यावर तो ठरतो.

हे गृहीतक सुरुवातीच्या क्षणी लागू नसतं. ES शून्यापासून भरावी लागते. आपल्या आकड्यांत त्याला `1/(k1(S+Km))`, म्हणजे साधारण 20 मायक्रोसेकंद लागतात. विकर 1 मायक्रोमोलर असेल तर तीच साखर संपायला आठ मिनिटांच्या वर जातात, त्यामुळे ती सुरुवात हिशेबात येत नाही. पण विकर `S + Km` च्या तोडीचं झालं, तर साखरेचा मोठा वाटा जोडीतच अडकतो आणि सूत्र फसतं. त्याची खूण म्हणजे विकर दुप्पट करूनही वेग दुप्पट होत नाही.

दाट द्रावणात आणखी एक गोष्ट घडते. यीस्टच्या इन्व्हर्टेजचा वेग साखर फार वाढवल्यावर उलट कमी होतो. `1/v` आणि `1/S` यांचा आलेख सूत्राप्रमाणे सरळ रेष यायला हवा, पण दाट द्रावणाचे बिंदू घेतले की अक्षाजवळ ती रेष वर वळते. तिथं हे दोन पायऱ्यांचं चित्र अपुरं पडतं आणि त्यात आणखी एक पायरी घालावी लागते.