‘हे बनव’ म्हणून स्केच आलंय: वायरफ्रेम द्यायची की थेट कोड?

वहीच्या पानावर पेनाने काढलेली ॲपची स्क्रीन, त्याचा फोटो आणि खाली दोनच शब्द, ‘हे बनव’. आता बनव म्हणजे नक्की काय बनव? वायरफ्रेम, म्हणजे स्क्रीनवर काय कुठे येईल याचं साधं कच्चं चित्र, आणि कोड यात इथे भरपूर गोंधळ होतो, कारण आजकाल एचटीएमएलमध्ये चार डबे मांडायला फार वेळ लागत नाही, आणि मोबाईलवर उघडलं की दोन्ही दिसायला जवळपास सारखंच दिसतं. पण दोन्हींचं काम वेगळंय. वायरफ्रेममध्ये जे ठरलेलं नाही ते ‘ठरलेलं नाही’ असं उघड दिसतं, कोडमध्ये मात्र प्रत्येक गोष्टीला काहीतरी एक उत्तर द्यावंच लागतं, आणि स्केच काढणाऱ्याने उत्तर दिलं नसेल तर ते तुम्ही देऊन टाकता, बऱ्याचदा स्वतःच्याही लक्षात न येता.

एक उदाहरण घेऊया. समजा पुण्यात डब्यांची मेस चालवणाऱ्या एका ताईंनी स्केच पाठवलंय. वर लिहिलंय ‘आजचे डबे’, शेजारी तारीख आणि एक छोटा उलटा त्रिकोण. खाली चार ओळी, प्रत्येक ओळीत डावीकडे चौकोन, मग नाव, मग १ किंवा २ आकडा, आणि उजव्या टोकाला छोटा गोल. सगळ्यात खाली लांब पट्टी, त्यात ‘सेव्ह’, आणि उजव्या कोपऱ्यात त्या पट्टीच्या जरा वर गोलात अधिकचं चिन्ह.

बघताक्षणी सगळं कळल्यासारखं वाटतं, पण तो उजवीकडचा गोल म्हणजे काय? डबा गेला की टॅप करायची खूण, की पैसे बाकी आहेत दाखवणारा ठिपका, की चालू-बंदचं बटण? कोड लिहायला बसलात तर यातलं एक निवडावंच लागतं, आणि गोल दिसला म्हणून हात सहज रेडिओ बटणाकडे जातो:

```html
<input type="radio" name="dabba">
<input type="checkbox" name="dabba">
```

दोन ओळींत फरक एका शब्दाचा, पण वागणं पूर्ण वेगळं. एकाच `name` चे रेडिओ असले की त्यातला एकच निवडता येतो, म्हणजे जोशींचा डबा टिक केला की आधी टिक केलेला पवारांचा डबा आपोआप निघून जाणार. स्क्रीन स्केचसारखी हुबेहूब दिसेल आणि पहिल्या दिवशी दुसऱ्याच डब्याला बंद पडेल. चौकोनाचंही तेच, वायरफ्रेम काढणारे लोक फुली मारलेला चौकोन काढतात तेव्हा त्यांना फोटोची जागा म्हणायची असते, पण ताईंनी ती रीत शिकलेली नाहीये, त्यांचा रिकामा चौकोन म्हणजे फोटोही असू शकतो आणि टिकची जागाही.

म्हणून या दोन्हींच्या आधी तिसरी गोष्ट येते, वर्णन. मला दिसलं काय आणि मी समजलो काय हे साध्या वाक्यांत लिहून पाठवायचं. बरेच जण लिहितात ‘वर टायटल आहे, खाली लिस्ट आहे, खाली बटण आहे’, याचा काही उपयोग नाही, हे तर ताईंनाही दिसतंय. उपयोगी वर्णन असं असतं: ‘ताई, उजवीकडचा गोल मी डबा पोचल्याची खूण धरलाय, एकाच वेळी कितीही जणांचे गोल भरता येतील. आकडा म्हणजे त्या माणसाचे किती डबे. चौकोन फोटोसाठी आहे का टिक करायला, ते कळलं नाही. आणि गोल दाबला की लगेच नोंद व्हायला हवी, का सेव्ह दाबल्यावरच?’ हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महागाचा आहे, कारण चाळीस डबे टिक करून सेव्ह न दाबता फोन खिशात गेला तर त्या नोंदींचं काय करायचं हे त्याच्यावर अवलंबून आहे. स्केच धूसर असेल, अक्षर लागत नसेल, किंवा चिन्हांचे दोन अर्थ निघत असतील तर फक्त वर्णन पाठवून थांबायचं, पुढे जायचंच नाही.

चिन्हांचे अर्थ कळले पण मांडणी टिकेल का याची खात्री नसेल तेव्हा वायरफ्रेम. आपल्या ताईंच्या केसमध्ये, वर्णनातल्या प्रश्नांची उत्तरं आली की, माझं मत ठामपणे वायरफ्रेमच. स्केचमध्ये चार नावं आहेत कारण पानावर तेवढीच मावली, गिऱ्हाईकं चाळीस असतील. डीपी या अँड्रॉइडच्या मापात ३६० रुंद आणि ८०० उंच अशी साधारण स्क्रीन धरा, वरच्या पट्टीला ५६, खालच्या सेव्हला ७२, एका ओळीला ६४. उरलेल्या ६७२ मध्ये एका वेळी दहाच ओळी दिसतात. मग सेव्ह चाळिसाव्या नावाच्या खाली ठेवायचं का स्क्रीनच्या तळाशी कायम चिकटवायचं? आणि तो अधिकचा गोल, तो तरंगता ठेवला तर बरोब्बर खाली दिसणाऱ्या ओळीच्या उजव्या टोकावर बसतो, म्हणजे ज्या गोलावर टॅप करायचंय त्याच्याच अंगावर! मधल्या ओळी सरकवून वर आणता येतात, पण शेवटची ओळ वर सरकतच नाही, लिस्टखाली रिकामी जागा सोडली नाही तर तिथला गोल झाकलेलाच राहतो. त्यापेक्षा अधिकचं चिन्ह वर तारखेच्या बाजूला नेलेलं बरं. गोल कागदावर छोटा असला तरी दाबायची जागा अँड्रॉइडच्या शिफारशीप्रमाणे किमान ४८ बाय ४८ डीपी हवी, त्यामुळे ६४ च्या ओळीत तो नीट बसतो पण ४० ची ओळ केलीत तर बसत नाही.

हे सगळं राखाडी डब्यांत, खऱ्या नावांसकट काढायचं, एक नाव मुद्दाम लांबलचक घ्यायचं म्हणजे ते आकड्यावर चढतं का कळतं. रंग मात्र भरायचे नाहीत. रंग दिसला की समोरचा माणूस हिरवा नको निळा कर यावर बोलतो आणि सेव्ह कुठे हवं ते राहूनच जातं. बाल्सामिक नावाचं वायरफ्रेमचं सॉफ्टवेअर २००८ मध्ये आलं, त्यातली चित्रं मुद्दाम हाताने काढल्यासारखी दिसतात ती याचसाठी, बघणाऱ्याला वाटायला हवं की हे अजून बदलता येतं.

मग थेट कोड कधी? स्केचमध्ये बाण काढून ‘इथे दाबलं की ही स्क्रीन’ असं दाखवलंय, मापं लिहिलीत, कडेला `customer_id` सारखी फील्डची नावं आहेत, रिकामी लिस्ट कशी दिसेल तेही वेगळ्या चौकटीत काढलंय, तर पाठवणारा स्वतः डेव्हलपर आहे आणि त्याचं ठरवून झालंय, त्याला वायरफ्रेम पाठवणं म्हणजे त्याचंच चित्र त्याला परत देणं. साध्या लॉगिन स्क्रीनलाही वायरफ्रेमची गरज नसते. आणि एक गोष्ट वायरफ्रेमला जमतच नाही, ती म्हणजे हाताला कसं वाटतं ते सांगणं. एका हातात डबे धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने भराभर टिक करता येतंय का, हे खरोखर चालणारी स्क्रीन फोनवर उघडल्याशिवाय कळत नाही, तिथे कच्चा का होईना कोडच लागतो.

कोड दिलात तर मात्र जे स्केचमध्ये नव्हतं आणि तुम्ही धरून चाललात ते फाईलच्या वरच लिहा, आणि तेच मेसेजमध्येही टाका, कारण ताई फाईल उघडून वाचणार नाहीत:

```html
<!-- धरलेलं:
1. गोल = डबा पोचला (checkbox)
2. टॅप केलं की लगेच नोंद, सेव्ह बटण काढलं
3. चौकोन = फोटो, सध्या रिकामा
-->
```

दुसरा मुद्दा बघा, ताईंनी काढलेलं बटणच आपण काढून टाकलंय. हे त्यांना मेसेजमधून आधी कळलं तर त्या हो किंवा नाही म्हणतील, स्क्रीन उघडल्यावर कळलं तर ‘माझं सेव्ह कुठे गेलं’ असा फोन येईल.