पाच कोपऱ्यांचे शेत आणि ५४० अंश

एक पाच कोपऱ्यांचे शेत घेऊ. कोपऱ्यांना क्रमाने अ, ब, क, ड, इ म्हणू. ड या कोपऱ्याशी बांध आत वळलेला आहे, जणू शेजारच्या शेताने तिथे कोपर खुपसले आहे. मोजणी करणारा प्रत्येक कोपऱ्यावर थिओडोलाइट उभे करतो आणि शेताच्या आतल्या बाजूचा कोन वाचतो. अ ८८° २०′, ब ११२° ४०′, क ७४° १०′, ड २०६° ३०′, इ ५८° २२′. बेरीज येते ५४०° ०२′. तो म्हणतो, दोन मिनिटांचा फरक आहे, चालेल.

बेरीज ५४० अंशच यायला हवी हे त्याला शेत पाहण्याआधीच ठाऊक होते. बांध कितीही वेडेवाकडे असोत, एक बाजू दहा फुटांची आणि दुसरी हजार फुटांची असो, कोपरे पाच म्हटले की बेरीज ठरलेली.

याची सुरुवात त्रिकोणापासून होते. कोणत्याही त्रिकोणाच्या शेंड्यातून पायाला समांतर रेघ काढा. पायाचे दोन्ही कोन व्युत्क्रम कोनांच्या रूपाने त्या रेघेवर शेंड्याच्या डाव्या-उजव्या अंगाला येऊन बसतात आणि मधे शेंड्याचा स्वतःचा कोन असतो. तिन्ही मिळून सरळ रेघ भरते, म्हणजे १८०°.

आता ड वरून अ पर्यंत आणि ड वरून ब पर्यंत दोरी ताणू. शेताचे तीन त्रिकोण झाले: डइअ, डअब आणि डबक. तीन त्रिकोणांचे मिळून ३ × १८० = ५४०°. इथे एक गोष्ट सहज निसटते. ही बेरीज शेताच्या कोनांची का? कारण तिन्ही त्रिकोणांचे सगळे कोन शेताच्या कोपऱ्यांवरच पडले आहेत. अ चा कोन दोन तुकड्यांत वाटला गेला, ड चा तीन तुकड्यांत, पण बाहेरचे काही मिसळले नाही आणि आतले काही सांडले नाही.

हे पाळले नाही तर गणित चुकते. चौकोनाचे दोन्ही कर्ण काढून चार त्रिकोण करणारे आणि ४ × १८० = ७२०° असे उत्तर काढणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. त्यांचे त्रिकोण बरोबर आहेत, पण कर्ण एकमेकांना छेदतात त्या मधल्या बिंदूभोवती ३६०° जमा झाले आहेत आणि ते चौकोनाचे नव्हेत. ते वजा केले की ३६०° उरतात. म्हणून नियम असा: दोऱ्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतच ताणायच्या, आकृतीच्या आतूनच न्यायच्या आणि एकमेकींना छेदू द्यायच्या नाहीत.

शाळेत मला हे शिकवले तेव्हा फळ्यावर नेहमी फुगीर, नीटस पंचकोन असे. एका कोपऱ्यातून पंख्यासारख्या रेघा काढा, n बाजूंचे n − २ त्रिकोण मिळतात, झाले. पण आपल्या शेतात क वरून पंखा उघडून पाहा. क पासून इ पर्यंतची दोरी ड च्या खोबणीवरून शेताबाहेर, शेजाऱ्याच्या हद्दीतून जाते. ड वर उभे राहिलो म्हणून आपले भागले. वीस कोपऱ्यांच्या, चार ठिकाणी आत वळलेल्या जमिनीत असा सोयीचा कोपरा एकही नसू शकतो. मग तिथे n − २ कशाच्या जोरावर म्हणायचे? मला या सगळ्या विषयाचा गाभा इथेच आहे असे वाटते आणि पाठ्यपुस्तके नेमकी इथेच घाईत असतात.

एका फटक्यात सगळे त्रिकोण शोधायची गरज नाही. एकच दोरी सापडली तरी पुरे. सर्वांत पश्चिमेचा कोपरा घ्या (दोन बरोबरीने असतील तर त्यातला दक्षिणेचा). त्याला प म्हणू. त्याच्यापलीकडे शेत नाहीच, त्यामुळे तिथला आतला कोन १८०° पेक्षा नक्की कमी आहे. प च्या दोन्ही शेजारच्या कोपऱ्यांमध्ये दोरी ताणा. प आणि हे दोन शेजारी मिळून जो त्रिकोण होतो, त्यात किंवा त्या दोरीवर शेताचा दुसरा कोणताही कोपरा नसेल, तर दोरी पूर्ण शेतातून गेली. काम झाले.

आणि त्रिकोणात दुसरे कोपरे घुसले असतील तर? त्यांतला जो या दोरीपासून सर्वांत दूर, म्हणजे प च्या दिशेने सर्वांत पुढे आला आहे, तो निवडा आणि त्याच्यापासून थेट प पर्यंत दुसरी दोरी ताणा. हिला कोणताही बांध आडवा येऊ शकत नाही. आला असता तर त्या बांधाचे एक टोक याच त्रिकोणात, निवडलेल्या कोपऱ्याच्याही पुढे असायला हवे होते, कारण प च्या दोन बांधांना ओलांडून तो बाहेर जाऊ शकत नाही. पण सर्वांत पुढचा कोपरा तर आपण आधीच निवडला आहे.

म्हणजे तीनपेक्षा जास्त कोपरे असलेल्या कोणत्याही जमिनीत निदान एक दोरी आतून ताणता येतेच. तिने जमिनीचे दोन तुकडे होतात. दोरीची दोन टोके दोन्ही तुकड्यांत मोजली जातात, म्हणून तुकड्यांच्या कोपऱ्यांची एकूण संख्या n + २ होते. प्रत्येक तुकडा मूळ जमिनीपेक्षा कमी कोपऱ्यांचा आहे, म्हणून त्यातही हीच युक्ती, मग त्याच्या तुकड्यांत, त्रिकोण उरेपर्यंत. वीस कोपऱ्यांचे समजा नऊ आणि तेरा असे तुकडे पडले, तर त्रिकोण सात आणि अकरा, एकूण अठरा. पाच आणि सतरा असे पडले, तर तीन आणि पंधरा, पुन्हा अठरा. दोरी कुठेही ताणा, त्रिकोण n − २ च. म्हणून बेरीज (n − २) × १८०°. मोजणीच्या पुस्तकांत हेच (२n − ४) काटकोन असे लिहिलेले असते.

आता आपल्या मोजणीवाल्याकडे परत येऊ. त्याने दोन मिनिटांची चूक का चालवून घेतली? अशा कामात कोनांच्या बेरजेतली चूक किती खपवायची याचा प्रघात आहे: यंत्र वाचू शकते ते सर्वांत लहान माप गुणिले कोपऱ्यांच्या संख्येचे वर्गमूळ. त्याचे यंत्र एक मिनिटापर्यंत वाचते, पाचाचे वर्गमूळ २.२ च्या आसपास, म्हणजे दोन मिनिटे मर्यादेत बसतात. ती पाचही कोनांमधून सारखी वाटून वजा करायची.

पण समजा त्याने ड वर प्रविशाल कोनाऐवजी चुकून बांधाबाहेरचा कोन वाचला असता, १५३° ३०′. मग बेरीज ४८७° ०२′ आली असती, ५२° ५८′ कमी. ही तूट स्वतःच चुकीचा पत्ता सांगते. बाहेरचा कोन घेतला की खऱ्या कोनाच्या १८०° वरच्या भागाची दुप्पट कमी पडते. तुटीचे निम्मे २६° २९′. ते १८०° तून वजा केले की १५३° ३१′ येतात आणि वहीत त्याच्या जवळचा कोन एकच आहे, ड चा. पुन्हा शेतात न जाता दोष सापडला.

फीत चुकीची वाचली असेल तर मात्र ही बेरीज काहीच बोलत नाही. ब ते क बांध शंभर फुटांऐवजी नव्वद लिहिला तरी कोन तेच राहतात आणि ५४०° तसेच जुळतात. ती चूक कळते ती नकाशा काढताना, अ पासून निघालेली रेघ फिरून पुन्हा अ वर येऊन मिळत नाही तेव्हा.